मे महिन्याचा गुन्हा

मेमध्ये विक्री पडली म्हणून काकांनी आपल्या मिठाईच्या दुकानातल्या हलवायाला कामावरून काढलं. त्यांनी निर्णय मागे घ्यावा म्हणून मी दुकानात लॅपटॉपवर विक्रीच्या आकड्यांची स्लाइड लावली.

"काका, दर मेमध्ये विक्री पडते. उकाड्यात मिठाई कोण खातं?"

"एप्रिलपेक्षा कमी आहे ना? त्याचाच हात बिघडलाय."

"गेल्या मेशी तुलना करा, जास्तच आहे. ही सरकती सरासरी बघा. दर वेळी मागचे बारा महिने घेतले, म्हणजे त्यात मे एकदाच येतो आणि हंगामाचा चढउतार पुसला जातो. उरतो तो कल. तीन वर्षं वरच चाललाय."

"ते ठीक. पण कोणाला तरी जबाबदार धरावंच लागेल."

माझं टाळकं सरकलं. तिथेच अर्ज लिहून काकांच्या गल्ल्यावर आपटला: "मे महिन्यास तात्काळ बडतर्फ करून हलवायास पुन्हा रुजू करून घ्यावे, ही नम्र विनंती."