मंजुरी देणाऱ्याचे नाव (एकच लिहावे)

तुमचा व्यवसाय?
मोसंबीची कलमं. मु. तीर्थपुरी.

ग्राहक कोण असावा?
ज्याला मी ओळखत नाही असा.

हे उत्तर जाहिराती करणाऱ्या कल्याणीला आवडलं. ओळखीचे लोक कलमं उधार नेतात, असं फॉर्म भरणाऱ्या भुजंगरावांनी फोनवर सांगितलं होतं. जालना जिल्हा वगळून जाहिरात दाखवायची, सोपं होतं.

प्रतिस्पर्धी कोण? त्यांचं बलस्थान काय?
इथे अक्षर बदललं होतं. सर्जेराव, चुलतभाऊ. कलमाचा खुंट रंगपूर लिंबाचा, रोप दमदार, माणूस सरळ.

पहिल्या बैठकीला जालन्यात मंठा चौफुलीजवळच्या तिच्या ऑफिसात दोघे आले. दुसरे कोण, असं कल्याणीनं विचारलं.

"प्रतिस्पर्धी," भुजंगराव म्हणाले. "त्याच्याबद्दल मी काय सांगू? त्यालाच लिहायला लावलं."

सर्जेरावांनी नमस्कार केला.

मंजुरी देणाऱ्याचे नाव (एकच लिहावे)

हा प्रश्न कल्याणीचा जीव की प्राण. मागच्या गिऱ्हाइकाकडे तीन भाऊ होते. एकानं पास केलेलं दुसरा नापास करायचा, तिसरा देवदर्शनाला गेलेला असायचा. काम बुडालं. तेव्हापासून एकच नाव, नाहीतर काम घ्यायचं नाही.

भुजंगरावांनी एकच नाव लिहिलं होतं. सर्जेराव.

तिनं समजावलं. तुमची जाहिरात प्रतिस्पर्ध्यानं पास करायची, हे कुठेच होत नाही. तुमचंच नाव लिहा.

"लिहितो की. पण मंग उपेग काय? माझ्या नर्सरीचा रस्ताच याच्या वावरातून जातो. यानं रस्त्यात आडवी काटी लावली तं गिऱ्हाईक बांधावरून वापस."

"गेल्या साली लावली होती," सर्जेराव म्हणाले. "ट्रकानं कापूस चेंगरला."

आम्ही विचारायचं विसरलो असा प्रश्न?
(कोरं.)

कल्याणीनं आपलं काम कुठे संपतं ते सांगितलं. चांगले फोन आणून देऊ. त्यातून किती कलमं विकली जातील, याची हमी नाही. भुजंगरावांनी मान डोलावली. सर्जेराव म्हणाले, फोनचं बराबर आहे, पण फोन केलेला माणूस शेवटी माझ्याच वावरात येणार.

तिनं लॅपटॉप फिरवून मसुदा दाखवला: मराठवाड्यातली सर्वोत्तम कलमं.

"सर्वोत्तम काढा," सर्जेराव म्हणाले. "माझी बी हायत."

काढलं.

"रस्ता कच्चा आहे, लिहा. ट्रक न्हाई, छोटा टेम्पो."

"अरे, गिऱ्हाईक पळंल ना," भुजंगराव.

"पळणारं आधीच पळू दे. माझ्या कापसात येऊन कशाला पळतंय?"

मंजुरी देणारा एकच होता, आणि त्याला मंजुरीसाठी ठेवलेली दोन दिवसांची मुदतही लागली नव्हती. कल्याणीच्या कारकिर्दीत हे पहिल्यांदाच घडत होतं. तिनं फॉर्म पुढे सरकवला. दोघांनी सह्या केल्या.

संध्याकाळी जाहिरात गेली:

*मोसंबीची चांगली कलमं. रस्ता कच्चा. छोटा टेम्पो आणावा. निघण्याआधी फोन करा, सर्जेराव काटी काढून ठेवतील.*