दवाआधीची बॅटिंग

मारेगावच्या ग्राउंडवर डिसेंबरात टॉस जिंकून पहिली बॅटिंग घेणारा कॅप्टन एक तर येडा, नाही तर बाहेरगावचा. शब्बीर मेकॅनिक दोन्ही नव्हता.

ग्राउंडच्या मागं तलाव. रात्रीचे साडेआठ झाले की दव पडून गवत ओलं व्हायला लागतं, अन् मग बॉल साबणाच्या वडीसारखा हातातून निसटतो. फिरकीवाल्याच्या बोटांना पकड मिळत नाही, बॉल वळायचं नाव घेत नाही, घसरत सरळ बॅटवर येतो. मागून बॅटिंग करणाऱ्यांची चंगळच! हे सगळं ज्ञान टीमच्या म्हाताऱ्या भगवानरावांचं. वीस वर्षं हा माणूस टॉसच्या आधी चपला काढून गवतावरून चालायचा, आभाळ बघायचा, वारा बघायचा. वारा पडलेला अन् आभाळ मोकळं असलं की म्हणायचा, "आज पडते." पडायचंच. त्यांचा शब्द घेतल्याशिवाय कॅप्टननं टॉसला जायचं नाही, हा टीमचा रिवाज.

यंदा कळंबविरुद्धच्या फायनलला भगवानराव चाकाच्या खुर्चीवर बसून आले. फुप्फुसं पार गेलेली, नागपूरच्या डॉक्टरनं हात टेकलेले. थंडी लागू द्यायची नाही, म्हणून त्यांच्या बायकोनं, इंदूबाईंनी बजावलं होतं, आठला घरी म्हणजे आठला घरी. पोरगा रजत यंदाच टीममध्ये आला, ओपनर झाला, अन् बाप सगळा हंगाम दवाखान्यात. पोराची एक तरी बॅटिंग डोळ्यांनी पाहायची होती त्यांना. बोलले नाहीत कोणाला, पण शब्बीरला काय सांगावं लागतं?

चपला काढून यंदा शब्बीरच चालला. वारा ठार पडलेला.

"पडते न?" भगवानरावांनी विचारलं.

"पडते भाऊ."

"मंग फिल्डिंग. शाहिदले कोरडा बॉल भेटला तं तो कळंबवाल्याईले नाचवते. माह्याकडं पाहू नको."

शाहिद म्हणजे शब्बीरचा पोरगा, डावखुरा फिरकीवाला. आतापर्यंत अकरा विकेट, सगळ्या कोरड्या बॉलवर.

टॉस शब्बीर जिंकला. फिल्डिंग घेतली तर रजत बॅटिंगला यायचा साडेआठला, अन् बाप तोवर घरी गोधडीत. शब्बीरनं पाहिलंच त्यांच्याकडं. शालीत गुंडाळलेलं ते एवढंसं तोंड.

"बॅटिंग," तो म्हणाला.

भोंग्यावर कॉमेंट्री करणाऱ्या माणसानंसुद्धा दोनदा विचारून घेतलं. शाहिद धावत आला, "अब्बू, काहून? डोकं फिरलं काय?" शब्बीर रजतला पॅड बांधायला सांगून आला.

रजत मात्र खेळला बाप्पा! चौसष्ट रन. प्रत्येक चौक्याला भगवानराव खुर्चीच्या दांडीवर थाप मारत होते, खोकत होते, हसत होते. टीमचे एकशे सत्तावन्न झाले. आठला इंदूबाईंनी रिक्षा बोलावली. जाताना म्हाताऱ्यानं शब्बीरचा हात घट्ट धरला.

मग दव पडलं. दोघं जण दव झटकायला गवतावरून दोर ओढत फिरले, टॉवेलांनी बॉल पुसून पुसून हात थकले, पण पुसलेला बॉल एकदा गवतात गेला की पुन्हा ओलाच. फास्टवाल्यांच्या ओव्हर संपल्या. शेवटची शाहिदला टाकावीच लागली. कळंबला चौदा पाहिजे होते. पहिलाच बॉल बोटांतून सटकला, फुलटॉस, सिक्सर. मग एक रन. पुन्हा फुलटॉस, पुन्हा सिक्सर. चौथ्या बॉलवर खेळ खलास! शाहिदच्या नावानं लोकांनी शिट्ट्या मारल्या, कोणी 'विकला गेला बे' म्हणून ओरडलं. भोंग्यावरचा टिंगल करायला मोकळाच. शाहिदनं कॅप काढून गवतावर टाकली अन् बापाकडं न पाहता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शब्बीर भगवानरावांकडं गेला. वाटलं होतं, निदान एक माणूस तरी खूश असेल.

भगवानराव भिंतीकडं तोंड करून पडले होते. "भोंगा घरापर्यंत ऐकू येते लेका," ते म्हणाले. श्वासाला थांबत थांबत. "शाहिद काय बोलला?"

"बोलतच नाही भाऊ. रात्री जेवलाबी नाही."

"त्याले सांगितलं काय, कायले घेतली बॅटिंग?"

"नाही."

म्हातारा कुशीवर वळला. डोळे भरून वाहत होते, अन् पुसायलाही हात उचलत नव्हता.

"मले माह्या पोराची बॅटिंग दाखवाले तू तुह्या पोराच्या हाती वल्ला बॉल देल्ला. मी दहा दिवसाचा धनी, शब्बीर. त्याले इथंच राहाचं हाय. त्याले घेऊन ये, मीच माफी मागतो."

शब्बीर घरी गेला, हात जोडले, सगळं सांगितलं. शाहिदनं ऐकून घेतलं. "तुमाले त्याईचं दिसलं," तो म्हणाला, "माहं नाही दिसलं."

तो गेला नाही. भगवानराव दहा दिवसही राहिले नाहीत, सहाव्या दिवशी गेले. शेवटच्या दुपारपर्यंत इंदूबाईंना विचारत होते, शाहिद आला काय.