तीन पायांचा बैल

गुरुजी, तुम्ही माझ्या पोरीचं चित्र निवडलं नाही, हा तुमचा गुन्हा नाही. न निवडता गप्प बसलात, हा गुन्हा आहे. सात वर्षांच्या पोरीच्या हातात तिचा कागद परत कोंबला, "घे" म्हणालात आणि पुढच्या पोराकडे वळलात. बाकीचं ती आपल्या मनानं समजून घेईल, असं वाटलं असेल. घेतलं तिनं. काय घेतलं, ते ऐका.

मी धर्मपाल, यशोधरेचा बाप. बाळापूरच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गठाणी उचलतो. तिची माय दोन वर्षांपूर्वी गेली. घरात आम्ही दोघंच.

शनिवारी सकाळी कौशल्या दारात आली. सूर्यभान पाटलाची पोरगी, यशीची एकुलती एक मैत्रीण. "यशे, चाल ना शाळेत." यशी गोधडीतून हलली नाही. "इचं पोट दुखते का, काका?" असं विचारून ती पोर जराशी थांबली, मग एकटीच गेली.

"काहून गेली नाही व?" मी विचारलं.

"कौशल्याचा बैल शाळेच्या भितीवर लावला. माह्यं चित्र नाही लावलं." मग गोधडीतूनच विचारलं, "आपल्याले वरून पाणी वाढतेत, म्हणून नाही लावलं का, बाबा?"

हो म्हणणं सोपं होतं. जिभेवर आलंच होतं. छप्पनमध्ये आम्ही धर्म बदलला, त्याला सात वर्षं झाली, तरी तुमच्या शाळेत माझी पोर ओंजळीनं पाणी पिते. पण मी भिंत पाहिली नव्हती. न पाहता हो म्हटलं असतं, तर त्या पोरीनं जन्मात पुन्हा पेन्सिल धरली नसती.

"वाईट वाटलं ना?"

"लय."

"वाटतेच. दाखव बरं मले."

तिनं पाटीखालून कागद काढला. जिनाचं आवार. बारीक पेन्सिलीनं एकेक गठाण, गठाणीवरची दोरी, आणि कोपऱ्यात हात धरून उभ्या असलेल्या तांदळाएवढ्या दोन पोरी. मी म्हटलं, "हे आपण घरात लावू."

"घरच्या भितीवर लावून काय? आपल्या घरी कोन येते पाहाले?"

मी कागद परत पाटीखाली ठेवला.

रविवारी शाळेला सुट्टी. मी तिला तिचा कागद घेऊन शाळेच्या ओसरीवर नेलं. तिथे भिंतीवर एकाच चित्रापुरती जागा होती आणि त्या जागी कौशल्याचा बैल खळीनं चिकटवला होता, गेरूनं रंगवलेला, कागदभर.

"त्याले तीनच पाय हायेत," यशी म्हणाली.

मला हसू येत होतं. तिच्यासोबत हसलो असतो, तर तिला बरं वाटलं असतं, पण मैत्रीण गेली असती. "हायेत तीनच," मी म्हटलं, "पन कौशल्यानं मन लावून काढला. आता असं कर, मी तुह्यं चित्र बैलाच्या बाजूले धरतो. तू मांगं मांगं जाय. जे दिसनं बंद होईन, थे सांग."

ती पाच पावलं मागे गेली. "पोरी नाही दिसत." आणखी पाच. "दोऱ्या गेल्या." फाटकाजवळच्या निंबापाशी पोचली आणि उभीच राहिली.

"काय दिसते?"

"बैल."

"अन् तुह्यं?"

"कागद."

मी तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसलो. "जागा एकच होती. भितीवरचं चित्र फाटकातून येनाऱ्याले दिसा लागते. तुह्यं चित्र मांडीवर घेऊन पाहाचं हाय. थे वाईट नाही, दुसऱ्या कामाचं हाय. अन् तिचं लावलं म्हणून ती तुह्यापेक्षा मोठी झाली नाही."

"मंग आंधीच काहून नाही सांगतलं गुरुजीनं? मी मोठं काढलं असतं."

"सांगाले पायजे होतं."

ती पुन्हा बैलाकडे वळली. पाणी येऊन डोळ्यांतच थांबलं होतं. मग विचारलं, "मी मोठं काढलं असतं, तर माह्यं लावलं असतं?"

आतापर्यंतचं सगळं खरं सांगितलं होतं, डोळ्यांनी पाहून. हे मी पाहिलेलं नव्हतं. "मले मालूम नाही, बाई. थे गुरुजीच सांगू शकतेत."

"मी नाही पुसत त्यायले."

सोमवारी ती शाळेत गेली. कौशल्यानं आपल्या तरटावर जागा ठेवली होती, असं यशीनंच सांगितलं. ही मात्र मागच्या खांबाशी जाऊन एकटी बसली. आज आठवा दिवस. तिथेच बसते. पेन्सिल दप्तरात आहे, बाहेर निघत नाही.

भिंतीचं मी समजावलं, गुरुजी. तुमच्या मनातलं मला समजावता येत नाही. तिनं कागदभर बैल काढला असता, चारही पायांचा, तर तुम्ही लावला असता का? हो की नाही, ते मला नको. खांबापाशी जा, तिच्यासमोर खाली बसा आणि तिला सांगा.