बाद बाटल्यांचं शून्य

ऑफिसात तिला सगळे ‘नाटबाई’ म्हणत. कुठलंही नवं सॉफ्टवेअर तिच्याकडे तपासायला आलं की ती त्याला नाट लावणारच. तिला त्याचं काही वाटत नसे. पण या वेळी कॅल्क्युलेटर लिहिला होता तिच्या धाकट्या दिराने, आणि तो नोकरीत पक्का व्हायचा की नाही हे महिनाअखेरीस ठरणार होतं. नोकरीसाठी त्याचं नावही तिनेच सुचवलं होतं.

काम तसं छोटं होतं. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांसाठी कंपनीने एक ॲप केलं होतं. नमुन्यांचे आकडे भरताना तिथल्या लोकांना दर वेळी दुसरीकडे हिशेब करावा लागू नये, म्हणून त्याच पडद्यावर कॅल्क्युलेटर हवा होता. उत्तर थेट अहवालात जाऊन बसणार होतं.

तिने चाचण्या लिहायला घेतल्या. आधी साध्या: २+३×४ चे चौदा, कंस घातला तर (२+३)×४ चे वीस. दोन्ही बरोबर आली. मग १०−३+२. पडद्यावर आले पाच.

“अरे, इकडे ये,” तिने हाक मारली. “दहातून तीन गेले, सात. त्यात दोन, नऊ. तुझे पाच कसे?”

दीर खुर्ची सरकवत आला. “वहिनी, कंचेभागुबेव! बेरीज आधी, वजाबाकी नंतर. तुम्हीच शिकवलंय मला, आठवीत.”

“बेरीज-वजाबाकीचा मान सारखा, डावीकडून जे येईल ते आधी, हेही शिकवलं होतं. तेव्हा तुझं लक्ष खिडकीबाहेर.”

दोघंही हसली. पुढे मात्र हसू हळूहळू आटत गेलं. ९९९९९९९९ ला ९९९९९९९९ ने गुणलं, तर उत्तराच्या शेवटी शून्य आलं. नव नव्वे एक्याऐंशी, म्हणजे शेवटचा आकडा १ हवा. संख्या फार मोठी झाली की यंत्र शेवटचे आकडे गुपचूप बदलत होतं, आणि पडद्यावर तसं काही सांगतही नव्हतं. मग ८÷२(२+२). तिने अपेक्षित उत्तर लिहिलं होतं एक, आले सोळा. शेवटी ५÷०. त्यावर आलं शून्य.

“शून्याने भागता येत नाही. इथे तसा संदेश हवा.”

“साहेबांनीच सांगितलंय, लाल चौकटी नकोत, गिऱ्हाईक बिचकतं. म्हणून शून्य ठेवलं.” तो आवाज खाली आणत म्हणाला, “वहिनी, पाचाला शून्याने भागायला कोण बसलंय तिथे? एवढं तरी सोडा. माझे लाल शेरे मोजले जाणारेत.”

 नोंद करताना त्या दोषापुढे तिने ‘किरकोळ’ लिहिलं.

घरी सासूबाईंपर्यंत सगळं आधीच पोचलं होतं. “घरातल्या माणसाला जरा सांभाळून घ्यावं,” त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या. नवऱ्याने वर्तमानपत्र वर धरलं. “तुमचं ऑफिस तुम्ही बघा, मी मध्ये पडत नाही.” जेवताना दीर ताटातून मान वर करेना.

‘किरकोळ’ हा शब्द तिच्या डोक्यातून जाईना. आकडे कोण भरतं, कसे भरतं, हे तिने पाहिलंच नव्हतं. दोन दिवसांनी परवानगी काढून ती एका प्रयोगशाळेत गेली. तिथे ॲपची चाचणी-आवृत्ती वापरात होती. लांबट खोली, ओट्यावर काचेच्या बाटल्या, औषधांचा उग्र वास. तपासनीस बाई चष्मा कपाळावर सरकवून टॅबलेटवर बोटं चालवत होत्या.

“सरासरी अशी काढतो,” त्या म्हणाल्या. “बाद न झालेल्या बाटल्यांतल्या जंतूंची बेरीज, भागिले, कंसात, एकूण बाटल्या वजा बाद केलेल्या. सील तुटलेलं असलं किंवा नमुना तापला की बाटली बाद.”

“कधी सगळ्याच बाद होतात?”

“होतात की! परवाच पेटी उन्हात राहिली. सहाच्या सहा बाद.”

“मग काय केलंत?”

“भरलं नेहमीसारखं. शून्य आलं.” बाईंनी तो अहवाल उघडून दाखवला. जंतूंची सरासरी: शून्य. आणि खाली हिरव्या अक्षरांत ॲपने आपणहून लिहिलेलं: पिण्यास योग्य.

तिने हिशेब मनात मांडला. ०÷(६−६). एकही बाटली न तपासता पाणी शुद्ध ठरलं होतं.

बाईंच्याही ते तेव्हाच लक्षात आलं.  “ती पेटी वसतिगृहाची होती,” त्या म्हणाल्या, आणि लगेच फोनकडे धावल्या. पाणी थांबवायला सांगितलं, नवे नमुने मागवले. ते येईपर्यंत ती तिथेच थांबली.  निकाल मात्र दुसऱ्या दिवशीच मिळणार होता.

सकाळी बैठकीत साहेबांनी यादी समोर घेतली. दीर समोर बसला होता, ओठ घट्ट मिटून. साहेबांची नजर नेमकी कंसाच्या चाचणीवर गेली. “आठ भागिले दोनचं साधं उत्तर चुकतं? हे शाळेतलं पोरही करेल.”

तिने रात्री झोप न आल्यामुळे कॅल्क्युलेटर कसा हवा ते सांगणारं मागणीपत्र पुन्हा वाचलं होतं. दोन आणि कंस यांच्यात गुणाकाराचं चिन्ह नसेल तर काय करायचं, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. “ती चाचणी मी मागे घेते,” ती म्हणाली. “कुणी एक मानतं, कुणी सोळा. आपण काहीच ठरवलेलं नाही, तर तो त्याचा दोष कसा? तिथे चिन्ह घातल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही, एवढंच करावं.”

साहेब खुर्चीत मागे रेलले. “अच्छा. म्हणजे आता दिराची बाजू.”

“त्याची बाजू घ्यायची असती तर पुढचं बोललेच नसते. शून्याच्या दोषाला मी किरकोळ म्हटलं होतं. तो सगळ्यांत गंभीर आहे.” आणि तिने प्रयोगशाळेतलं सगळं सांगितलं.

 साहेबांनी दिराकडे पाहिलं. “हे तू शून्य का ठेवलंस?”

दीर साहेबांकडे पाहत राहिला. लाल चौकटी नकोत, हे त्यांचेच शब्द होते.  तीच म्हणाली, “तुम्ही सांगितलं म्हणून.”

साहेबांचा चेहरा उतरला, तरी निर्णय त्यांनीच दिला. ॲप थांबवलं. दिराला पक्कं करणं पुढे ढकललं. तिला यापुढे त्याचं काम तपासायला द्यायचं नाही, असंही ठरलं.

संध्याकाळी तपासनीस बाईंचा फोन आला. वसतिगृहाच्या पाण्यात जंतू सापडले होते. दोन मुली तापाने आजारी होत्या. पाण्यामुळेच की कशाने, ते अजून कळलं नव्हतं. त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं.

हे ऐकल्यावर दीर घरी गेला नाही. त्याने भागाकार पुन्हा लिहायला घेतला. भाजक कुठूनही शून्य होवो, आकड्याने की कंसातून, उत्तराच्या जागी ‘काढता येत नाही’ असंच यायला हवं, आणि अहवाल तिथेच अडायला हवा. ती पलीकडच्या टेबलावर पिशवी भरत होती.

“वहिनी,” तो मान न वळवता म्हणाला, “तुम्ही तिथे गेला नसतात, तर हे सापडलं असतं?”

‘सापडलं असतं’ म्हणून त्याला धीर द्यावा की स्वतःची चूक कबूल करावी, हे तिला क्षणभर कळेना.

“नाही,” ती म्हणाली. “मी किरकोळच लिहिलं होतं.”

 त्याने पायाने शेजारची खुर्ची तिच्याकडे सरकवली. साहेबांनी मनाई केली होती, तरी ती बसली.