हंसाची कावीळ

मोठे भावजी कादंबरी लिहिणार, हे घरात कळलं त्या दिवशी धाकट्या जाऊबाईंना आनंद झाला. आनंदाचं कारण मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

प्रकाशनसंस्था घरचीच होती. भावजी मालक, धाकट्या जाऊबाईंकडे छपाईचं खातं. कागद कुठला, किती जाड, बांधणी कशी, हे सगळं त्या बघत. भावजी त्यांना चेष्टेनं "कागदबाई" म्हणत आणि मग ऑफिसातले सगळेच म्हणू लागले. हे काम त्या हौसेनं शिकल्या नव्हत्या. त्यामागे एक हंस होता.

त्यांचा नवरा, म्हणजे भावजींचा धाकटा भाऊ, चित्रकार. त्यानं मुलांसाठी एक चित्रांचं पुस्तक केलं होतं. निळं तळं, तळ्यात हंस, पान उलटलं की पलीकडे काळं अस्वल. हंसाला त्यानं रंगच दिला नव्हता. भोवतीचं पाणी रंगवून हंसाची जागा तेवढी कोरी सोडली होती. कागदाचा पांढरेपणा हाच हंसाचा पांढरेपणा. तेव्हा जाऊबाई बाळंतपणाला माहेरी होत्या. भावजींच्या गोदामात कुठल्याशा कादंबरीचा पातळ, पिवळसर कागद उरला होता. "उरलेला कागद वाया कशाला घालवायचा? पोरांना काय कळतंय?" असं म्हणून त्यांनी चित्रांचं पुस्तक त्याच्यावरच छापून टाकलं.

छपाईची शाई काचेसारखी पारदर्शक असते, खालचा कागद तिच्यातून डोकावतोच. त्यामुळे निळं तळं शेवाळी झालं, हंस पिवळा पडला, आणि कागद पातळ म्हणून मागच्या पानावरचं अस्वल हंसाच्या पोटातून दिसू लागलं. नवरा एका शाळेत ते पुस्तक वाचून दाखवत होता, तेव्हा एका चिमुरडीनं सगळ्यांसमोर विचारलं, "काका, हंसाला कावीळ झालीय का? आणि त्यानं अस्वल का गिळलं?"

पोरीनं निरागसपणे विचारलं होतं. पण भावजींनी तो किस्सा उचलला. जेवणाच्या टेबलावर पाहुणा आला की ठरलेलं, "हे आमचे धाकटे बंधू, कावीळवाले चित्रकार!" नवराही सगळ्यांबरोबर हसायचा. पुढे त्यानं चित्रं काढणं सोडलं आणि लग्नपत्रिकांची नक्षी करू लागला.

जाऊबाई हसल्या नाहीत. त्या दुसऱ्याच महिन्यापासून ऑफिसात बसू लागल्या.

कादंबरी लिहून झाल्यावर भावजी त्यांच्या टेबलाशी आले. "काय कागदबाई! माझ्या पुस्तकाला काय नेसवणार?"

खरं उत्तर त्यांच्या जिभेवर होतं. कादंबरी तासन् तास वाचायची असते. तिला मलईच्या रंगाचा, हलका, मऊ कागद हवा. त्यावर काळी अक्षरं डोळ्यांत घुसत नाहीत, आणि पुस्तक हातावर निवांत उघडं राहतं. पांढरा, जाड, लेप दिलेला कागद चित्रांसाठी. शाई वरच राहते, रंग खुलतात, मागचं पुढे दिसत नाही. चित्रांच्या पुस्तकाला पानं मोजकीच, म्हणून वजनही चालून जातं.

हे सगळं त्या नव्या लेखकांना दोन-दोनदा समजावून सांगत. आज त्यांनी फक्त नमुन्याचे सुटे कागद पुढे सरकवले.

भावजींनी मलईच्या रंगाचा कागद दोन बोटांत चोळला आणि नाक मुरडलं. "हा काय मळका! आणि हा?" पांढरा कागद त्यांनी उचलला, खिडकीपाशी धरला, अंगठ्यानं दाबून पाहिला. "याला म्हणतात कागद! कसा कडक आहे. हाच घे."

"हा महाग पडेल, भावजी."

"पडू दे. मी काय सारखा कादंबऱ्या लिहिणार आहे?"

"मग सगळा एकदमच मागवते. नंतर घेतला तर रंगाची छटा बदलते. आणि आधी अर्ध्याच प्रती काढू. लगेच दुसरी आवृत्ती जाहीर करता येईल."

"दुसरी आवृत्ती!" भावजींचा चेहरा उजळला. "तुझं डोकं चालतं हं कधीकधी."

छापखान्यातल्या काकांनी कागदाचे गठ्ठे पाहिले आणि चष्मा कपाळावर ढकलला. "ताई, चित्रं आहेत का यात?"

"एकही नाही."

"मग एवढ्या जाडजूड पोथीला हा कागद? वीट होईल की! आणि असल्या कागदाला नुसता गोंद नीट धरत नाही. कोरी पानं बांधून नमुना दाखवू का मालकांना? हातात घेतलं की त्यांनाच कळेल."

तो नमुना बांधल्याशिवाय जाऊबाईंनी आजवर एकही पुस्तक यंत्रावर चढवलं नव्हतं. सुट्या कागदावरून पुस्तक कळत नाही, हे त्यांचंच वाक्य होतं. त्यांनी गठ्ठ्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाल्या, "नको काका. लेखकाची पसंती आहे. छापा."

प्रकाशनाच्या समारंभाला सभागृह भरलं होतं. जाऊबाई पहिल्या रांगेत, शेजारी नवरा. भावजी पहिलं प्रकरण वाचायला उभे राहिले. वरचा झगझगीत दिवा पानावर पडला आणि पान आरशासारखं चमकलं. भावजींनी पुस्तक तिरकं केलं, चष्मा पुसला, पुन्हा तिरकं केलं. पान उलटायला एक हात काढला, तर पुस्तक फटकन मिटलं.

"कुठे होतो आपण?" ते म्हणाले. मागून कोणीतरी खुदकन हसलं.

त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी दाबून उघडं धरलं. गोंद कडकन तुटला आणि एक पान सुटून थेट जाऊबाईंच्या पायाशी आलं. त्यांनी ते उचललं, झटकलं आणि अदबीनं व्यासपीठावर नेऊन दिलं.

पुढच्या दिवसांत दुकानदारांचे फोन येऊ लागले. "पडून वाचायला घेतलं की छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं म्हणतात." "डोळे दुखतात म्हणतात." "पानं गळतात म्हणून परत आणतात." कथेबद्दल कोणी बोलतच नव्हतं, आणि भावजींना तेच जास्त लागलं.

ते जाऊबाईंच्या टेबलाशी आले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"हंसाच्या वेळी तुम्ही कोणाला विचारलं होतंत?"

भावजी खुर्चीत बसले. टेबलावरचा मलईच्या रंगाचा नमुना त्यांनी पुन्हा बोटांत चोळला. "आता काय करायचं?"

"परत आलेल्या प्रती बाजूला ठेवू. नवीन प्रती मलईच्या कागदावर, हलक्या, शिवून बांधलेल्या. लोक वाचतील. कादंबरी वाईट नाही तुमची." हे त्या मनापासून म्हणाल्या.

"आणि तो पांढरा? अर्धं गोदाम भरलंय त्यानं."

जाऊबाईंनी खणातून नवऱ्याची जुनी चित्रं काढून टेबलावर ठेवली. सगळ्यात वर हंस होता.

"उरलेला कागद वाया कशाला घालवायचा, भावजी?"

भावजींनी आपलंच वाक्य ओळखलं. मग होकारार्थी मान हलवली.

पुस्तक तयार झालं तेव्हा पहिली प्रत जाऊबाईंनी नवऱ्याला दिली नाही. पाहुणे जेवायला होते त्या दिवशी त्यांनी ती भावजींच्या ताटाशेजारी ठेवली. तळं निळंशार होतं. हंस इतका पांढरा, की ताटाच्या कडा त्याच्यापुढे मळक्या वाटाव्यात.

"बघा बरं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "कावीळ उतरली का?"

पाहुणे किस्सा ऐकायला सरसावून बसले. भावजींनी किस्सा सांगितला नाही. त्यांनी हंसाचं पान उचलून दिव्यासमोर धरलं, पलीकडचं अस्वल शोधलं. ते नुसतं धुरकट सावलीसारखं दिसलं. मग पान टेबलावर आडवं ठेवून पाहिलं. आता काहीच दिसेना.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चित्रकार हसला. यावेळी तो एकटाच हसत होता.