बाहीवरचा खर्डा

बाईंनी माझी फाइल परत केली तेव्हा त्यांच्या तोंडावर तो भाव होता, जो मी कापड कमी आणणाऱ्या गिऱ्हाइकाला दाखवते.

प्रौढांच्या संध्याकाळच्या शाळेत मी जाते. बाई माझ्या सुनेच्या वयाच्या, पण खडू हातात घेतला की माझ्यासारखीचीही जीभ आत जाते. शिवण केंद्रात मुख्य शिक्षिकेची जागा निघाली होती. कापणं, जोडणं, शिकवणं, सगळ्यात मी उजवी; अडलं होतं शाळेच्या प्रमाणपत्रापाशी. बाकीचे विषय सुटले होते. भाषेची सत्राची फाइल तेवढी राहिली होती.

"मावशी, लेखाचे तिन्ही खर्डे नीट वाचले," बाई म्हणाल्या. "तिन्ही एकाच हातानं, एकाच शाईनं, एकही खाडाखोड नाही."

"मग? घाणेरडे कागद देऊ तुम्हाला? पाहुण्याला खरकट्या ताटात वाढायची पद्धत आमच्याकडे नाही."

वर्ग हसला. बाई नाही हसल्या.

"गुण तीन गोष्टींना आहेत. पूर्ण झालेला लेख, त्यात तुम्ही केलेली सुधारणा, आणि त्या सुधारणेबद्दल तुम्ही स्वतः लिहिलेलं पान. लेखाचे गुण मी देईन. पण सुधारणा मला दिसतच नाही, तर देऊ कशाचे? आणि तुमचं ते पान म्हणजे निव्वळ माझी आरती आहे." मग सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "ज्यांच्या फायली अपुऱ्या आहेत त्यांनी शुक्रवारपर्यंत पुऱ्या करा. मुदत सगळ्यांना सारखी."

म्हणजे माझं प्रमाणपत्र शुक्रवारवर टांगलं.

जिन्यात कारकुनानं मला गाठलं. वखारीत हिशेब लिहितो, वर्गात स्वतःला फार हुशार समजतो. "मावशी, रडता कशाला? उलटं करायचं. पक्का लेख घ्यायचा, त्यात चुका घालायच्या, दोन ओळी खोडायच्या, वर चहाचा डाग. झाला कच्चा खर्डा! मी तसंच केलंय."

"रडतंय कोण रे? आणि तयार कोटावर मागून कच्चा टाका घातला तर तो आंधळ्यालाही कळतो. बाईंना चांगले दोन डोळे आहेत."

घरी आले ती तडक आमच्या शिवणाच्या दुकानात. सून मशीनवर होती.

"माझे लिहिलेले जुने कागद कुठे आहेत? ते खाडाखोडीचे?"

"तुम्हीच म्हणालात ना, दृष्टीसमोर नकोत म्हणून?"

"फेकलेस?"

"इतका जाड कागद कोण फेकतं?" तिनं खुंटीकडे बोट दाखवलं. "कापले."

खुंटीवर गिऱ्हाइकांच्या मापाचे कागदी नमुने टांगलेले. त्यांत माझा पहिला खर्डा बाही झाला होता. दुसऱ्याची कॉलर आणि खिसा. तिसरा वकिलीणबाईंच्या कोटाची पाठ, दोन कागद चिकटवून. खांद्याकडे, मुंढ्याच्या गोलाईत, माझी अर्धी वाक्यं कापली गेली होती.

"तुझ्या कात्रीला काही अक्कल?"

"कात्रीला कुठली? ती तुमच्याकडूनच शिकली." सून मशीन न थांबवता म्हणाली. मग थांबवून म्हणाली, "हेच घेऊन जा ना आई."

"हे? बाह्या आणि कॉलरी घेऊन शाळेत जाऊ? लोक म्हणतील म्हातारीला वेड लागलं."

"लोक काय, आधीही म्हणतात."

मी तिच्यावर डोळे वटारले, पण नमुने खुंटीवरून काढले आणि कापायच्या टेबलावर पसरून वाचत बसले.

लेख माझ्या सासूबद्दल होता. पहिल्या खर्ड्यात, म्हणजे बाहीवर, सासू नुसती राक्षसीण आणि मी साक्षात देवी. सासूनं हे केलं, सासूनं ते केलं, मी मात्र एकटीच्या हिमतीवर दुकान उभं केलं. कडेला, त्यांनी तो वर्गात पाहिला होता तेव्हाचा, बाईंच्या हिरव्या शाईत एकच प्रश्न होता: 'मग तुम्हाला कापायला कोणी शिकवलं?'

कॉलरीवर मी रागारागानं सासूचं नावच काढून टाकलं होतं. लेख त्यामुळे लंगडा झाला होता. मला आपोआप कात्री धरता आली असं वाचणाऱ्याला वाटत होतं. आणि पाठीवर, तिसऱ्या खेपेला, ती परत आली होती. माझ्या हातावर हात ठेवून म्हणत होती, 'आधी कापड ऐक, मग काप.' ते वाक्य मी चारदा खोडून पाचव्यांदा ठेवलं होतं. स्वच्छ प्रती उतरवताना मी तिन्ही खर्ड्यांत एकच गुळगुळीत सासू बसवली होती. भांडण सगळं या खुंटीवर राहिलं होतं.

आरतीचं पान बाजूला ठेवलं, फेकलं नाही. नवीन लिहिलं:

'कागद मळके म्हणून मला लाज वाटली, म्हणून मी स्वच्छ नक्कल दिली. खरे खर्डे दुकानात कापले गेले, ते जोडले आहेत. बाहीवर मी खोटं बोलले आहे, कॉलरीवर गप्प बसले आहे, पाठीवर खरं लिहिलं आहे. सासू मला अजून आवडत नाही, पण हुनर तिचा आहे, हे लपवलं तेव्हा लेख उभा राहिना. शेवट अजून फुसका आहे. तीनदा बदलला, जमला नाही. बाहीचा जो भाग कापला गेला तो मला आठवत नाही, म्हणून मनानं भरलेला नाही.'

शुक्रवारी बाईंच्या शेजारी चष्मेवाले परीक्षक बसले होते. प्रत्येकाची फाइल दोघं वेगवेगळी तपासणार, वेगवेगळ्या कागदावर गुण लिहिणार आणि मग पडताळून पाहणार. गुण कोणाच्या मर्जीवर राहू नयेत म्हणून.

त्यांनी फाइल उघडली आणि टेबलावर बाही पडली.

"हे काय आहे?"

"पहिला खर्डा."

"डावी की उजवी?"

"उजवी. डावी वकिलीणबाईंच्या अंगावर गेली."

ते हसले, पण लगेच गंभीर झाले. "काय बदललं ते दाखवा. सांगू नका, दाखवा."

मी बाहीवरच्या बाईंच्या प्रश्नावर बोट ठेवलं, मग कॉलरीवर जिथे सासू गायब झाली तिथे, मग पाठीवरच्या चार खोडलेल्या ओळींवर. एकेक ओळ मी वाचली, ते कान देऊन ऐकत राहिले.

"आणि इथे?" त्यांनी मुंढ्याची गोलाई दाखवली.

"इथे होतं, आता नाही. त्याचे गुण मागत नाही."

त्यांनी मान खाली घालून लिहिलं. बाईंनी त्यांच्याकडे न पाहता लिहिलं. मग कागद शेजारी शेजारी ठेवले.

लेखाला दोघांनी बेताचेच गुण दिले होते. माझं शुद्धलेखन आणि फुसका शेवट कोणी माफ केला नाही. सुधारणेत कापलेल्या जागेपुरते थोडे गेले, बाकी भरघोस. आणि माझ्या पानाला दोघांनीही पैकीच्या पैकी.

"दोघांचं जुळलं," परीक्षक म्हणाले. "पास. आणि नुसत्या पास नाही, मावशी, चांगल्या वरच्या श्रेणीत."

"शेवटाला गुण कमी का, हे तुम्ही स्वतःच लिहून ठेवलंत," बाई हसून म्हणाल्या. "माझं काम वाचलं."

"वाचवलं तर माझ्यासारख्या शिष्येनंच वाचवायचं!" मी म्हटलं.

कारकुनाचा लेख माझ्यापेक्षा सरस होता, हे मी मान्य करते. पण त्याच्या खर्ड्यांतल्या चुका पुढच्या खर्ड्यात बरोबर त्याच क्रमानं सुधारल्या होत्या आणि तिन्हींवर चहाचा डाग सारख्याच आकाराचा. दोघांनीही सुधारणेच्या रकान्यात रेघ मारली आणि बाईंनी त्याला पुढच्या सत्रात पुन्हा बसायला सांगितलं. तो माझ्याजवळून जाताना मी त्याच्याकडे वळून पाहिलं. माझं नुसतं बघणं पुरेसं असतं.

"ही बाही आम्ही ठेवून घेऊ का?" परीक्षकांनी विचारलं. "नव्या वर्गाला दाखवायला. तुमची परवानगी असेल तरच."

"ठेवा. पण आधी मला तिच्यावरनं दुसरी कापून घेऊ द्या."

प्रमाणपत्र हातात आलं त्या दिवशी मी घरी गेले नाही. चप्पल वाजवत थेट शिवण केंद्रात गेले. तिथल्या साहेबांनी कागद वाचला, ते उभे राहिले आणि त्यांनी मुख्य शिक्षिकेची खुर्ची पुढे केली.

मी बसले नाही. आधी कापायच्या टेबलाभोवती एक चक्कर मारली, त्याचा पाय हलवून पाहिला आणि म्हटलं, "हे डुगडुगतं. सोमवारी मुली यायच्या आत सुतार बोलवा."

"बोलवतो, बाई," साहेब म्हणाले.