दुधाळ अंधार

दादाच्या खोलीत पाऊल टाकताच धाकटीचं डोकं फिरलं. ती दुकानातर्फे घरोघरी टीव्ही बसवून द्यायची, आणि सख्ख्या भावाच्या टीव्हीवर गेममधलं तळघर ताक ओतल्यासारखं पांढुरकं!

"अरे, गेमच्या कन्सोलची आरजीबी रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पट्टी, लिमिटेड आणि टीव्हीची फुल. त्याचा काळा याला राखाडीच वाटणार ना!"

"असू दे गं. मला चालतं."

"मला नाही चालत." तिने कन्सोलही फुलवर नेला. अंधार काळाभोर झाला, तरी त्यातली वीट न् वीट, पायरी न् पायरी दिसत होती. "बघ, याला म्हणतात चित्र!"

दादा खेळू लागला. त्याचा शिपाई भिंतीवर आपटला, वळला, पुन्हा आपटला आणि समोरच्या धडधडीत विहिरीत जाऊन पडला.

"डोळे मिटून खेळतोस का? विहीर दिसत नाही?"

"कुठंय विहीर?"

ती हसणार होती. पण तो पडद्याला नाक लावून खरोखरच शोधत होता.

"होतं तसं कर," तो हळूच म्हणाला. "मीच केलं होतं ते. राखाडीत निदान कडा तरी कळतात. आणि बाबांना सांगू नकोस."

तिने कन्सोल पुन्हा लिमिटेडवर नेला. भिंतीपलीकडे बाबा रेडिओचं बटण चाचपडत होते. ठार आंधळे होण्याआधी त्यांनीही घरातले बल्बच बदलून जास्त उजेडाचे लावले होते.